शपथ न घेणारी माणसं

1319 साली दक्षिण फ्रान्समधल्या पामिए गावात रेमों नावाचा एक उपदेशक पकडला गेला. त्याच्याबरोबर आन्येस नावाची विधवा होती. लहानपणी तिनेच त्याला सांभाळलं होतं. बिशप झाक फुर्निए यांच्यासमोर दोघांना उभं केलं. चौकशीची पहिली पायरी अगदी साधी होती : बायबलवर हात ठेवायचा आणि खरं बोलेन अशी शपथ घ्यायची. रेमोंने नकार दिला. येशूने शपथ मुळीच घेऊ नका असं सांगितलंय, एवढंच त्याचं म्हणणं. आन्येसनेही शपथ घेतली नाही.

हे दोघे वॉल्डेन्सियन पंथाचे. त्यांची गोष्ट दीडशे वर्षं आधी लिओं शहरात सुरू होते. तिथला वाल्देस नावाचा श्रीमंत व्यापारी 1173च्या सुमारास संपत्ती वाटून मोकळा झाला. त्याआधी त्याने आणखी एक काम केलं होतं. दोन धर्मगुरूंना पैसे देऊन बायबलचे काही भाग लॅटिनमधून बोलीभाषेत करून घेतले होते. मग तो आणि त्याचे सोबती रस्त्यात, चौकात लोकांना ते सांगू लागले.

गंमत अशी की वाल्देसला चर्च सोडायचंच नव्हतं. 1179 साली हे लोक परवानगी मागायला थेट रोमच्या धर्मसभेत गेले. तिथे वॉल्टर मॅप नावाच्या विद्वानाने त्यांची परीक्षा घेतली. पित्यावर विश्वास आहे? आहे. पुत्रावर? आहे. पवित्र आत्म्यावर? आहे. आणि ख्रिस्ताच्या मातेवर? आहे! सभा खो खो हसली. तसला विश्वास फक्त देवावर ठेवायचा असतो, हा पंडिती बारकावा या साध्या माणसांना ठाऊक नव्हता. पोपने त्यांच्या दारिद्र्यव्रताला मान्यता दिली. उपदेश मात्र स्थानिक धर्मगुरूने परवानगी दिली तरच. ती कोण देणार? ते बोलत राहिले आणि 1184 साली पाखंडी ठरले. पुढे पंचवीसेक वर्षांनी असिसीचा फ्रान्सिस तसंच फाटकं वस्त्र घालून रोमला आला, पोपच्या आज्ञेत राहिला आणि संत झाला. माझ्या मते, भांडण गरिबीवरून नव्हतंच. बोलायचा अधिकार कोण देतो, यावरून होतं.

कॅथरांचं प्रकरण वेगळं. हे दृश्य जग सैतानाचं, आत्मा त्यात अडकलेला, अशी त्यांची शिकवण असल्यामुळे चर्चशी तडजोडीला जागाच नव्हती. त्यांचे साधक, ज्यांना लोक ‘भले माणूस’ म्हणत, मांस, अंडी, दूध वर्ज्य करत. मरणाऱ्याच्या डोक्यावर ग्रंथ आणि हात ठेवून ते त्याला मुक्ती देत. साधकाने स्वतः पाप केलं तर त्याच्या हातून घेतलेली मुक्ती फोल, असंही ते मानत. हाच निकष गावच्या पाद्र्याला लावला तर? बाई ठेवणाऱ्या पाद्र्याच्या हातचा बाप्तिस्मा चालेल का? चर्चचं उत्तर होतं, चालेल. संस्कार देवाचा, पाद्री निमित्तमात्र. हे उत्तर डळमळलं की दशांश करही डळमळणार. पामिएच्या डोंगराळ भागात बिशप कोकरांवरही दशांश मागत होता, त्यामुळे मेंढपाळ आधीच धुमसत होते.

कॅथरांना दक्षिणेतल्या सरदारांचा आसरा होता, म्हणून त्यांच्यावर 1209 साली फौज चालून गेली. 1244 साली मोंसेग्यूरचा गड पडला तेव्हा दोनशेहून अधिक जण एका दिवसात जाळले गेले. गड घेता येतो, पण घराघरांतली श्रद्धा फौजेला सापडत नाही. त्यासाठी इन्क्विझिशन उभं राहिलं. पुढे 1560 साली गोव्यात आलेलं पोर्तुगीज इन्क्विझिशन राजसत्तेच्या आधाराने चाललं, पण नाव आणि चौकशीची रीत याच घराण्यातली.

आता शपथेकडे परत येऊ. जहागीर, साक्ष, करार, राजनिष्ठा, त्या काळी सगळं शपथेवर उभं होतं. शिक्के आणि कागद होते, पण त्यांच्यामागे देवाला साक्षी ठेवून दिलेला शब्दच असे. शपथ नाकारणारा माणूस त्यामुळे फक्त धर्माचा नव्हे, राजाचाही प्रश्न व्हायचा. शिवाय चौकशी करणाऱ्याला तो आयता सापडायचा, कारण कॅथर असो वा वॉल्डेन्सियन, दोघांनाही शपथ वर्ज्य. ‘शपथ घे’ म्हटल्यावर जो थबकला, त्याच्याबद्दलचा संशय तिथेच पक्का होई.

फुर्निए घाईचे नव्हते. रेमोंशी त्यांनी बैठकांमागून बैठका घेत वाद घातला. रेमों शिकलेला होता, उत्तरं देत राहिला. मेलेल्यांच्या आत्म्यांसाठी शुद्धिलोक असतो हेही त्याने नाकारलं. म्हणजे मृतांसाठी पैसे देऊन म्हणवल्या जाणाऱ्या प्रार्थनांचा पायाच काढला. 1 मे 1320 रोजी रेमों आणि आन्येस यांना जाळण्यात आलं. फुर्निए 1334 साली पोप झाले आणि त्यांची चौकशीची वही आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. बोलीभाषेतल्या बायबलपासून सुरू झालेल्या पंथातल्या या दोघांची उत्तरं तिथे कारकुनाच्या लॅटिनमध्ये लिहिलेली आहेत.