डोमेन हलवलं, मेल कुठे गेला?

सांगलीतल्या एखाद्या हळद व्यापाऱ्याचं उदाहरण घेऊ. त्याची वेबसाइट एका होस्टिंग कंपनीकडे आहे, मेल मात्र गूगलकडे. साइट नव्या होस्टिंगवर न्यायची म्हणून तो डोमेनचे नेमसर्व्हर बदलतो. साइट झकास सुरू होते, पण दोन दिवसांत चौकशीचे मेल आटतात. त्याने पाठवलेले मेल मात्र व्यवस्थित पोहोचत असतात. त्यामुळे बिघाड आपल्याकडे असेल अशी शंकाच येत नाही.

मेल पाठवणारा सर्व्हर वेबसाइट कुठे आहे ते पाहत नाही. या डोमेनचा मेल कोण स्वीकारतं, हे तो एमएक्स नोंदीत शोधतो. नेमसर्व्हर बदलले की डोमेनच्या नोंदींची अख्खी वहीच बदलते. जुन्या वहीतली गूगलची नोंद आपोआप नव्या वहीत उतरत नाही. तिथे बहुतेक वेळा नव्या होस्टिंगने स्वतःच्याच सर्व्हरचं नाव घातलेलं असतं. एमएक्स मुळीच नसेल, तर नियमानुसार मेल डोमेनच्या ए नोंदीतल्या पत्त्यावर, म्हणजे वेबसाइटच्या सर्व्हरवर जातो.

जुनी नोंद काही सर्व्हरांनी तात्पुरती साठवून ठेवलेली असते, म्हणून सुरुवातीला काही मेल येतात आणि काही येत नाहीत. हा काळ फार फसवा असतो.

चुकीच्या सर्व्हरवर ती पेटीच नसेल, तर मेल ५५० क्रमांकाच्या त्रुटीसह परत जातो. ते फक्त पाठवणाऱ्याला कळतं. त्याहून वाईट म्हणजे त्या सर्व्हरवर त्याच नावाची पेटी असणं, किंवा पत्ता न जुळणारे सगळे मेल एका खात्यात जमा करण्याची सोय चालू असणं. मग मेल निमूट स्वीकारला जातो, कुणालाच सूचना मिळत नाही आणि कोणी न उघडणाऱ्या पेटीत तो पडून राहतो.

खात्री करायची असेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ही ओळ चालवावी, example.com च्या जागी आपलं डोमेन लिहावं:

```
nslookup -type=mx example.com
```

उत्तरात smtp.google.com किंवा गूगलची aspmx असलेली जुनी नावं दिसायला हवीत. होस्टिंगचं नाव दिसलं, तर चोर सापडला.

नोंद दुरुस्त केल्यावर बाहेरचे मेल येऊ लागतात, पण वेबसाइटवरच्या फॉर्ममधून आलेली चौकशी तरीही गायब असू शकते. तो मेल वेबसाइटच्या सर्व्हरवरच जन्मतो. ‘हे डोमेन माझंच’ अशी त्या सर्व्हरची समजूत असेल, तर तो एमएक्स विचारतच नाही, मेल स्वतःकडेच ठेवतो. सीपॅनेलमध्ये Email Routing हा पर्याय Remote Mail Exchanger वर ठेवला की ही अडचण सुटते. हे घर बरेच जण तपासत नाहीत आणि फॉर्मलाच दोष देतात.

दरम्यान अडकलेले मेल नव्या होस्टिंगच्या वेबमेलमध्ये, मुख्य खात्याच्या पेटीतही, शोधावेत. सर्व्हर उत्तर देत नसल्याने रखडलेला मेल पाठवणारे सर्व्हर सहसा चार-पाच दिवस पुन्हा पाठवून पाहतात, त्यामुळे तो उशिरा का होईना येतो. ५५० लागून परतलेला मेल मात्र ग्राहकालाच पुन्हा पाठवायला सांगावा लागतो.