१८४८ च्या गल्लीत विजेचा खांब नको

३ जानेवारीच्या सावित्रीबाई जयंतीसाठी काही गट आता मोबाईलवर एआयकडून छोटा व्हिडिओ करून घेतात. त्यासाठी जी लेखी सूचना द्यायची, तिला प्रॉम्प्ट म्हणतात. आज त्याबद्दल बोलू.

‘जुन्या पुण्यात सावित्रीबाई शाळेकडे चालल्या आहेत’ एवढंच लिहिलं, तर वाडा जुना येतो. पण वर विजेच्या तारा, भिंतीवर पाट्या आणि बाई पाचवारी साडीत. पहिली शाळा भिडेवाड्यात भरली ती १८४८ मध्ये. तेव्हाच्या पुण्याचे फोटो जवळपास नाहीतच. एआय शिकला आहे तो आजच्या जुन्या पेठांच्या फोटोंवरून, आणि तिथे तारा असतातच.

मग आपण लिहितो, ‘तारा नकोत’. इथेच गंमत होते. पुष्कळदा ‘नको’ निसटतं आणि ‘तारा’ तेवढं पकडलं जातं. म्हणून जे हवं तेच लिहावं. काही ॲपमध्ये ‘Negative prompt’ असा वेगळा रकाना असतो. नको त्या वस्तूंची नुसती नावं तिथे टाकावीत: विजेच्या तारा, खांब, दुकानांच्या पाट्या, मनगटी घड्याळ, प्लास्टिक.

आम्ही असं लिहू:

‘सन १८४८, पुणे, सकाळ. अरुंद मातीची गल्ली. दोन्ही बाजूंना दगडी जोत्याचे, लाकडी खांबांचे वाडे, छपरावर हाताने घडवलेली अर्धगोल कौलं, वर मोकळं आकाश. भिंती कोऱ्या. तरुण बाई पाठमोरी चालते आहे. जाडसर सुती नऊवारी, काष्टा मागे खोचलेला, डोक्यावर पदर. कॅमेरा स्थिर.’

कौलांचं मुद्दाम लिहिलं आहे. चपटी मंगळुरी कौलं बनवणारा मंगळूरचा पहिला कारखाना १८६० च्या दशकातला, आणि ‘कौलारू घर’ म्हटलं की एआय हमखास तीच घालतो. ‘नऊवारी’ हा शब्दही त्याला नेहमी कळत नाही, म्हणून ती कशी नेसली आहे ते सांगायचं. ‘जुना काळ’ असंही मोघम लिहू नये. मग नुसता पिवळट, फिकट रंग येतो. खोलीतलं दृश्य असेल तर समई किंवा पणती लिहावी, कारण रॉकेलचा कंदील त्यानंतरचा.

कॅमेरा स्थिर का? तो वळला की नवा कोपरा एआयला स्वतःच्या मनाने भरावा लागतो, आणि खांब तिथेच उगवतो. त्यापेक्षा आधी एक चित्र करून घ्यावं, ते नीट तपासावं, आणि त्यावरूनच चार-पाच सेकंदांचा तुकडा करावा.

तयार व्हिडिओ थांबवत थांबवत पाहा. मधल्या बाईकडे लक्ष जातंच; चुका असतात कडेला आणि शेवटच्या सेकंदात. छपरांची रेघ, खिडक्यांच्या काचा, मागच्या माणसांची मनगटं आणि पाय बघा. पाटीवर अर्धवट अक्षरं दिसली, तर ती दुरुस्त करत बसू नका. भिंत कोरी ठेवून तुकडा नव्याने करा. गटातल्या एखाद्या आजींना दाखवा, काष्टा चुकला असेल तर त्यांना लगेच कळेल.

आणि सुरुवातीलाच ‘काल्पनिक चित्रण’ असं लिहा. दृश्य बिनचूक जमलं, तर मुली ते खरं चित्रीकरणच समजतील.