मोटर सुरू झाली की वजन का बदलतं?

पशुखाद्याच्या कारखान्यात मका, पेंड आणि कोंडा ठरलेल्या वजनात मिसळावा लागतो. माल हॉपरमध्ये पडतो, हॉपर चार लोड सेलवर उभा असतो आणि समोरच्या इंडिकेटरवर किलो दिसत राहतात. समजा, माल आणणाऱ्या स्क्रू कन्व्हेयरची 10 हॉर्सपॉवरची मोटर आजवर साध्या स्टार्टरवर चालत होती. वेग कमीजास्त करता यावा म्हणून तिला ड्राइव्ह बसवला. त्या दिवसापासून मोटर सुरू होताच रिकामा हॉपर 6 किलो दाखवू लागला आणि मोटर थांबली की आकडा पुन्हा शून्यावर.

पहिला संशय कंपनावर जातो. म्हणून कपलिंग सोडवून नुसती मोटर फिरवून पाहावी. तरीही 6 किलो दिसत असतील, तर दोष यंत्राचा नाही, विजेचा आहे.

ड्राइव्ह येणाऱ्या 415 व्होल्ट एसीचं आधी डीसी करतो, साधारण 585 व्होल्टचं. मग ते डीसी आतल्या इलेक्ट्रॉनिक स्विचांनी भराभर जोडून-तोडून मोटरला हव्या त्या वारंवारितेचा प्रवाह पुरवतो. हे जोडणं-तोडणं सेकंदाला 4,000 वेळा चालत असेल, तर तीन फेज मिळून सेकंदाला 24,000 वेळा व्होल्टेज एकदम चढतं किंवा उतरतं. खरा त्रास आहे तो या 'एकदम'चा. मायक्रोसेकंदाच्या पाचव्या भागात, कधी त्याहूनही लवकर, सगळे 585 व्होल्ट बदलतात.

केबलची तार आणि तिच्याजवळची जमीन किंवा लोखंड मिळून नकळत एक कपॅसिटर तयार होतो. मीटरला 150 पिकोफॅरॅड धरले, तर 40 मीटर केबलचे 6 नॅनोफॅरॅड झाले. एवढ्या कपॅसिटरवर इतक्या झपाट्याने व्होल्टेज बदललं तर कागदावरच्या हिशोबाने 17 अँपिअरहून जास्त प्रवाहाचा झटका बसतो. केबलचा स्वतःचा अवरोध त्याला बराच आवर घालतो, तरी काही अँपिअर उरतातच. या मोटरचा पूर्ण भाराचा प्रवाहच 14 अँपिअरच्या आसपास आहे, हे लक्षात घेतलं की या झटक्याचं मोल कळतं.

आता लोड सेलकडे पाहू. चारही मिळून 2,000 किलोंच्या भाराला इंडिकेटरकडे फक्त 20 मिलिव्होल्ट पाठवतात. म्हणजे एक किलो म्हणजे व्होल्टचे 10 दशलक्षांश. शेजारच्या ट्रेमधून काही अँपिअरचे झटके जात असताना एवढा नाजूक संकेत शाबूत राहायचा आहे.

पण झटके क्षणभराचे आणि वजन संथ, मग सरासरी घेतल्यावर ते पुसले का जात नाहीत? कारण इंडिकेटरच्या पहिल्याच अ‍ॅम्प्लिफायरमधले अर्धवाहक भाग उच्च वारंवारितेच्या या लाटेचं डीसीत रूपांतर करतात. त्यातून एक खोटं, स्थिर व्होल्टेज तयार होतं आणि खऱ्या वजनात मिसळून जातं. नुसता हलणारा आकडा फिल्टरने शांत होईल. हे 6 किलो होणार नाहीत. तरीही बहुतेक ठिकाणी पहिला उपाय म्हणून इंडिकेटरचा फिल्टर वाढवतात. मग आकडा उशिरा पुढे सरकतो, कन्व्हेयर उशिरा थांबतो आणि मिश्रणात माल जास्त पडतो.

दुसरा प्रचलित उपाय म्हणजे इंडिकेटरसाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा. या समजुतीला मी ठामपणे विरोध करतो. जमीन म्हणजे नको असलेली वीज ओतून द्यायचं गटार, अशी कल्पना त्यामागे असते. ड्राइव्हमधून निघालेला प्रवाह जमिनीत मुरत नाही. त्याला परत ड्राइव्हमध्येच यायचं असतं आणि सापडेल त्या वाटेने तो येतो. कधी ट्रेमधून, कधी इमारतीच्या लोखंडातून, कधी लोड सेलच्या केबलच्या जाळीतून. शिवाय खड्डा तपासताना मीटर 1 ओहम दाखवतो तो कमी वारंवारितेला. एक मीटर लांबीची साधी तार 10 मेगाहर्ट्झला 60 ओहमच्या आसपास अडथळा करते, मग तांबं कितीही जाड असो. दूरच्या खड्ड्यापर्यंत हा प्रवाह नीट पोहोचतच नाही. उलट जोडलेले नसलेले दोन खड्डे असले, तर वीज पडल्यावर दोन यंत्रांमध्ये जीवघेणा व्होल्टेजचा फरक उभा राहू शकतो.

म्हणून परतीची वाट अगदी जवळ, मोटरच्या केबलमध्येच द्यायची. शील्डेड केबलची तांब्याची जाळी तेवढ्यासाठी असते. जाणारा प्रवाह आत, परतणारा भोवतीच्या जाळीत. बाहेर फारसं काही उरत नाही. हे घडण्यासाठी जाळी दोन्ही टोकांना जोडावी लागते, ड्राइव्हकडे आणि मोटरच्या अंगालाही. एकच टोक जोडलं तर परतीची वाट अर्ध्यावर तुटते.

आणि जोडायची कशी, यावर सगळं अवलंबून आहे. वायरमन बहुधा जाळी पिळून तिची शेपटी करतो आणि लग लावून बोल्टला आवळतो. मल्टिमीटर शून्य ओहम दाखवतो, सगळे समाधानी होतात. पण 10 सेंटिमीटरची ती शेपटी 10 मेगाहर्ट्झला सुमारे 6 ओहमचा अडथळा असते आणि झटक्याच्या वेळी जाळीच तापलेल्या, म्हणजे उंच व्होल्टेजवर जाते. त्याऐवजी केबलचं बाहेरचं आवरण काढून जाळी सगळ्या बाजूंनी धातूच्या क्लँपखाली दाबावी. क्लँप पॅनलच्या उघड्या धातूवर बसावा. तिथला रंग घासून काढावा लागतो, आणि ही साधी गोष्टच सर्वांत जास्त विसरली जाते. मोटरकडे जाळीला चारी बाजूंनी पकडणारा धातूचा ग्लँड लागतो. वाटेत प्लास्टिकच्या डब्यातला आयसोलेटर असेल तर जाळी तिथे तुटते. तो धातूच्या डब्यात घेऊन दोन्हीकडची जाळी डब्यालाच दाबून जोडावी. केबलमधली अर्थची तार मात्र सुरक्षिततेसाठी राहायलाच हवी. जाळी तिची जागा घेत नाही.

आपल्याकडे आर्मर्ड केबल सर्रास वापरतात. तिचं लोखंडी चिलखत दोन्ही टोकांना ग्लँडने नीट पकडलं तर बरीच मदत होते. तांब्याच्या जाळीइतकी नाही.

लोड सेलची केबल मोटरच्या केबलपासून निदान 30 सेंटिमीटर दूर न्यावी, ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात. तिची जाळी कुठे जोडायची हे इंडिकेटरच्या पुस्तिकेप्रमाणे. मोटरच्या केबलचा नियम तिला डोळे झाकून लावू नये.

काम काढण्यापूर्वी अडथळा कुठून शिरतो ते पाहावं. लोड सेलची केबल इंडिकेटरवरून सोडवून तिथे आखूड तारांचा लोड सेल सिम्युलेटर लावावा. ड्राइव्ह चालू असताना आकडा स्थिर राहिला तर दोष केबलमधून येतो. तरीही सरकला तर इंडिकेटरच्या वीजपुरवठ्यातून किंवा अर्थमधून. मीडियम वेव्हवर लावलेला छोटा ट्रान्झिस्टर रेडिओ ट्रेच्या कडेने फिरवला तरी खरखर कुठे वाढते ते ऐकू येतं. नेहमीचा क्लँप मीटर इथे कामाचा नाही, तो या वारंवारितेला आंधळा असतो.

शील्डेड केबलची एक किंमत आहे. जाळी जवळ असल्याने कपॅसिटन्स वाढतो, म्हणून ड्राइव्हच्या पुस्तिकेत तिची कमाल लांबी साध्या केबलपेक्षा बहुधा कमी दिलेली असते. लांब केबलवर छोटी मोटर असेल तर ड्राइव्ह विनाकारण ट्रिप होऊ लागतो. तेव्हा ड्राइव्ह मोटरजवळ हलवणं किंवा आउटपुटला चोक लावणं, हेच मार्ग उरतात. काम झाल्यावर इंडिकेटरचा वाढवलेला फिल्टर पूर्ववत करावा आणि हॉपरवर प्रमाणित वजन ठेवून मोटर बंद असताना, मग वेगवेगळ्या वेगांवर चालू असताना आकडा ताडून पाहावा.