फोटोतील आकृतीवरून सिद्धता लिहिणे: प्रत्येक विधानाला कारण

समजा, भिलाईतील एका वर्गात फळ्यावर काढलेल्या आकृतीचा फोटो तुम्ही कडेच्या बाकावरून मोबाइलने काढला. आकृतीत O केंद्र असलेले वर्तुळ आहे. बाहेरच्या P बिंदूतून PA आणि PB या स्पर्शिका काढल्या आहेत, आणि जीवा AB व रेख OP एकमेकींना M मध्ये छेदतात. सिद्ध करायचे आहे की OP हा AB चा लंबदुभाजक आहे. पण फोटोत वर्तुळ लंबगोल दिसते, PA ही PB पेक्षा लांब दिसते आणि M मध्यावर दिसत नाही. मग या फोटोतून नेमके काय घ्यायचे?

फोटोत काय टिकते, काय बदलते

कॅमेरा तिरका धरला की लांबी, कोनांची मापे आणि लांबींची गुणोत्तरे बदलतात. मध्यबिंदू फोटोत मध्यबिंदू राहतोच असे नाही, समांतर रेषा एकत्र येताना दिसू शकतात. वर्तुळाच्या केंद्राची प्रतिमा लंबगोलाच्या मध्यावर येतेच असेही नाही. म्हणून फोटोवर पट्टी ठेवून O शोधू नका.

याउलट, कोणता बिंदू कोणत्या रेषेवर आहे, कोणत्या रेषा कुठे छेदतात, एका रेषेवरील बिंदूंचा क्रम काय आहे आणि रेषा वर्तुळाला स्पर्श करते की छेदते, या गोष्टी टिकतात. मोबाइलच्या रुंद भिंगामुळे फोटोच्या कडेला सरळ रेषा थोडी वाकलेली दिसू शकते, एवढे लक्षात ठेवा.

म्हणून फोटोतून फक्त नावे आणि स्थाने उतरवा. समानता, लंब, समांतर यांची माहिती प्रश्नातील शब्दांतून किंवा आकृतीवरील खुणांमधूनच घ्या.

पक्ष: O केंद्र असलेल्या वर्तुळाला बाह्यबिंदू P मधून काढलेल्या स्पर्शिका A आणि B मध्ये स्पर्श करतात. रेषा OP जीवा AB ला M मध्ये छेदते.

साध्य: AM = MB आणि OP ⊥ AB.

रचना: रेख OA आणि रेख OB काढा.

सिद्धता:

1. ∠OAP = ∠OBP = 90° … (स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय)
2. OA = OB … (एकाच वर्तुळाच्या त्रिज्या)
3. OP = OP … (सामाईक कर्ण)
4. ΔOAP ≅ ΔOBP … (1, 2, 3 वरून, कर्णभुजा कसोटी)
5. PA = PB … (एकरूप त्रिकोणांच्या संगत बाजू)
6. O हा AB च्या लंबदुभाजकावर आहे … (2 वरून, रेषाखंडाच्या टोकांपासून समदूर असलेला बिंदू लंबदुभाजकावर असतो)
7. P हा AB च्या लंबदुभाजकावर आहे … (5 वरून, तेच प्रमेय)
8. रेषा OP हीच AB चा लंबदुभाजक आहे … (6, 7 वरून; दोन भिन्न बिंदूंतून एकच रेषा जाते)
9. AM = MB आणि OP ⊥ AB … (लंबदुभाजकाची व्याख्या)

हिंदी माध्यमातून शिकलेल्यांना चौथ्या पायरीत ‘सर्वांगसम’ आणि ‘समकोण-कर्ण-भुजा’ हे शब्द आठवतील. मराठीत त्यांना अनुक्रमे ‘एकरूप’ आणि ‘कर्णभुजा’ म्हणतात. ‘समरूप’ हा शब्द मात्र दोन्हीकडे वेगळ्याच गोष्टीसाठी आहे: आकार सारखा, माप सारखे असेलच असे नाही.

कुठे चुकते

नेहमीची चूक म्हणजे पहिल्याच ओळीत ‘∠APO = ∠BPO (आकृतीवरून)’ असे लिहिणे. हे कोन समान आहेत हे खरे, पण ते चौथ्या पायरीनंतर मिळते. आधीच गृहीत धरले तर जे सिद्ध करायचे त्याचाच आधार घेतला जातो.

दुसरी चूक बारीक आहे. पाचव्या पायरीनंतर अनेकजण ΔPAM आणि ΔPBM बाकोबा कसोटीने एकरूप दाखवतात. ती सिद्धता बरोबर आहे, पण ∠APM म्हणजेच ∠APO असे म्हणताना M हा P च्या O कडील बाजूला आहे हे आकृतीवरून घेतलेले असते. असे स्थान घ्यायचे तर ते पक्षात स्पष्ट लिहा. वरच्या सिद्धतेत त्याची गरज पडत नाही, म्हणून ती निवडली.

तपासणी

फोटो झाका आणि P दूर नेऊन नवी, मुद्दाम बेढब आकृती काढा. प्रत्येक विधान तिच्यातही त्याच कारणाने टिकले पाहिजे. मग पक्षातील एक अट काढून पाहा. PB स्पर्शिका नाही, B हा वर्तुळावरचा कोणताही बिंदू आहे, असे माना. आता पहिल्या पायरीतील ∠OBP = 90° ला कारण उरत नाही आणि चौथी पायरी कोसळते. अट काढूनही सिद्धता तशीच चालू राहिली, तर दोनच शक्यता उरतात: ती अट अनावश्यक होती, किंवा तुम्ही तिच्या जागी फोटोत दिसलेले काहीतरी नकळत वापरले. कोणत्या ओळीच्या कंसात ‘आकृतीवरून’ लिहिले आहे ते आधी शोधा.