शेवटच्या आजारातले तीन प्रश्न : पेशंट बोलू शकतो तोवर विचारा

समजा, घरातल्या आईला अन्ननलिकेचा कॅन्सर आहे. तो यकृतात पसरला आहे आणि आता तो बरा होणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. एका रात्री तिचा श्वास अडकतो. कॅज्युअल्टीत मुलाला विचारतात, "काय करायचं?" तो घाबरून म्हणतो, "सगळं करा." आईला काय हवे होते, हे कुणालाच ठाऊक नसते. म्हणून तीन गोष्टी तिला आधीच विचाराव्यात.

पहिली गोष्ट, हृदय बंद पडले तर? सीपीआरमध्ये छाती जोरजोरात दाबतात. त्यात बरगड्या मोडू शकतात. पुढे घशात नळी आणि व्हेंटिलेटर येतो. अचानक हार्ट अटॅक आलेल्याचा जीव याने वाचू शकतो. पण पसरलेल्या कॅन्सरने शरीर खचून हृदय थांबते, तेव्हा मूळ कारण तसेच राहते. असा पेशंट सावरून घरी परतणे फार क्वचित घडते. सीपीआर नको म्हटले म्हणजे उपचार बंद, असे नाही. दुखण्यावर मॉर्फिन, उलटीचे औषध, ड्रेसिंग हे सगळे चालूच राहते.

दुसरी गोष्ट, जेवणाची नळी. आई हिंडती-फिरती आहे, भूक लागते, फक्त घास अडकतो, तर नळीचा उपयोग होऊ शकतो. पण ती दिवसभर ग्लानीत पडून असेल, तर शरीर अन्न घेत नाही. नळीतले दूध उलटून फुप्फुसात जाऊ शकते. "आपण तिला उपाशी ठेवतोय" असे घरच्यांना वाटते. खरे तर आजार शेवटाला आला म्हणून भूक गेलेली असते. तेव्हा ओल्या कापसाने तोंड पुसा, ओठ ओले ठेवा. ती जागी असेल आणि गिळता येत असेल, तरच चमच्याने पाणी द्या.

तिसरी गोष्ट, कुठे राहायचे? घरी ठेवायचे तर मॉर्फिन संपण्याआधी आणावे लागते, रात्री फोन कुणाला करायचा हे ठरवावे लागते. मृत्यूचा दाखला कोण देणार, हे जवळच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. दुखणे आवरेना किंवा रक्तस्राव झाला, तर दवाखान्यात नेण्याचा मार्ग खुला असतोच.

ठरलेले लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अशा कागदाला मान्यता दिली आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर तो पक्का करायचा. आपल्या वतीने कोण बोलेल, त्या नातेवाइकाचे नावही त्यात लिहायचे. प्रत्यक्ष उपचार थांबवताना डॉक्टरांची दोन मंडळे तपासणी करतात. शुद्धीवर असेपर्यंत आई हा कागद कधीही बदलू शकते. एक प्रत केसपेपरच्या फाइलमध्ये ठेवा. पेटीत बंद राहिलेला कागद रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत कुणाला दिसत नाही.

आई म्हणाली, "मला हे बोलायचं नाही," तर तिच्यावर जोर करू नका. एवढेच विचारा, "तुझ्या वतीने कुणी ठरवायचं?"