तासात मूल किती मिनिटं हललं?

खेळाचा तास 35 मिनिटांचा, पण मुलं त्यात हलतात किती? मोजायला एक चपळ, एक मध्यम आणि एक मागे राहणारं मूल निवडा. प्रत्येकामागे स्टॉपवॉच घेतलेला एक निरीक्षक ठेवा. मूल हललं की घड्याळ सुरू, थांबलं की बंद.

समजा, सरासरी 9 मिनिटं आली, म्हणजे जेमतेम 26 टक्के. अपेक्षा साधारण निम्म्या वेळेची असते. बाकीचा वेळ हजेरी, सूचना आणि रांगेत जातो. 40 मुलांत दोनच चेंडू असले, तर बहुतेक जण नुसते उभेच! आठ-आठांचे पाच गट करून प्रत्येक गटाला चेंडू द्या, बाद झालेल्याला लगेच परत खेळायला घ्या आणि पुन्हा मोजा.

मात्र घड्याळ हालचाल मोजतं, कौशल्य नाही. फेक सुधारली का, हे शिक्षकानेच पाहायचं.