डोळ्यांदेखत दडवलेला पुरावा

रहस्यपटाच्या दिग्दर्शकावर एक अलिखित बंधन असते, ते असे की गुन्हेगाराचे नाव उघड होण्यापूर्वी, ते ओळखण्यासाठी आवश्यक असलेला प्रत्येक धागा प्रेक्षकाच्या नजरेखालून गेलेला असला पाहिजे. असा धागा म्हणजे न्याय्य सुगावा. कादंबरीकार एखादा तपशील लांबलचक वर्णनात बुडवू शकतो, पण कॅमेऱ्यासमोर घडलेली गोष्ट दिसतेच, त्यामुळे चित्रपटाला वस्तूऐवजी प्रेक्षकाचे लक्ष दुसरीकडे वळवावे लागते. रायन जॉन्सन यांच्या २०२२ मधील ‘ग्लास अनियन’मध्ये हे तंत्र फार धीटपणे वापरले आहे (हा चित्रपट ज्यांना अजून पाहायचा आहे, त्यांनी इथेच थांबलेले बरे).

अब्जाधीश माइल्स ब्रॉनच्या ग्रीक बेटावरील मेजवानीत ड्यूक हा पाहुणा पेय पिऊन कोसळतो, आणि त्याच्या हातातला पेला आपला होता, ड्यूकने तो चुकून उचलला, असे माइल्स सर्वांना सांगतो. तो हे सांगत असताना पडद्यावर फ्लॅशबॅक, म्हणजे आधी घडलेल्या प्रसंगाचे दृश्य येते, ज्यात ड्यूक स्वतःच पेला उचलतो. प्रत्यक्षात काही क्षणांपूर्वीच माइल्सने आपला पेला ड्यूकच्या हाती दिलेला प्रेक्षकाने पाहिलेला असतो, परंतु त्या वेळी त्या कृतीला काहीच महत्त्व नसल्याने ती मनात ठसत नाही, आणि नंतर आलेले स्पष्ट, सोयीस्कर दृश्य अंधूक आठवणीची जागा घेते. शिवाय नेम माइल्सवरच होता असा समज झाल्यामुळे तो संशयिताऐवजी संभाव्य बळी ठरतो.

दुसरा सुगावा विनोदाच्या आडोशाने येतो. बेटाकडे निघण्यापूर्वी पाहुण्यांच्या घशात औषधाचा फवारा मारला जात असताना त्यात अननस नाही ना, असे ड्यूक विचारतो. हे वाक्य त्याच्या तऱ्हेवाईकपणाचा नमुना वाटून हसण्यावारी जाते, पण त्याचा मृत्यू पेयात मिसळलेल्या अननसाच्या रसानेच होतो.

खोटे दृश्य दाखवणे ही फसवणूक नव्हे काय, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९५० मधील ‘स्टेज फ्राइट’मध्ये आरंभीच एक पात्र आपली हकिकत सांगते, ती दृश्यरूपात दिसते आणि अखेरीस खोटी निघते, ही आपली चूक होती, असे हिचकॉक यांनी पुढे मान्यही केले. दोन्ही ठिकाणी खोटे बोलणारे पात्रच असले, तरी जॉन्सन यांच्या प्रेक्षकाकडे त्या खोट्याशी ताडून पाहण्यासाठी खरे दृश्य आधीच असते, तर हिचकॉक यांचा प्रेक्षक पहिल्या मिनिटांपासून त्या एकाच साक्षीवर विसंबून राहतो, म्हणून त्याची तक्रार रास्त ठरते.